बारा हजारांचा पगार, साडेचौदा हजारांचा हप्ता

पोटगीच्या प्रकरणात नवऱ्याने दिलेलं प्रतिज्ञापत्र हातात आलं की मी उत्पन्नाचा रकाना आधी वाचत नाही. तिथे काय लिहिलेलं असणार याचा अंदाज वकिली करता करता येतोच. मी आधी देण्यांचं पान उघडते. कर्ज किती, हप्ता किती, विम्याचा हप्ता किती, आईवडिलांच्या औषधांना किती लागतात, हे सगळं तिथे असतं. आपल्यावर किती बोजा आहे हे कोर्टाला दिसावं म्हणून माणूस हे पान मन लावून भरतो. आणि पुष्कळदा त्याचं खरं उत्पन्न याच पानावर सापडतं.

एक प्रकरण सांगते. पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-तीन प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत आणि आकडे थोडे बदलले आहेत. नवरा तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बसणारा. लग्न २०१५ चं, एक मुलगी. जून २०२१ मध्ये बायको मुलीला घेऊन माहेरी आली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याने प्रतिज्ञापत्रात लिहिलं: दुकान वडिलांचं, मी तिथे नोकर, पगार महिना १२,००० रुपये रोख. सोबत वडिलांच्या सहीचा पगाराचा दाखला. आयकर विवरणपत्र भरत नाही. बँकेत एकच बचत खातं, शिल्लक ३,१४० रुपये. स्थावर मालमत्ता निरंक.

पुढच्या पानावर देणी होती. मोटारीच्या कर्जाचा हप्ता महिना १४,५००. आयुर्विम्याचा हप्ता वर्षाला ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. आईवडिलांची औषधं ५,०००. बेरीज २३,५०० रुपये. कमाई बारा हजार आणि ठरलेला खर्च साडेतेवीस हजार, हे त्यानेच शपथेवर लिहून दिलं होतं.

हे प्रतिज्ञापत्र कुठून आलं, ते आधी सांगायला हवं. त्याची मुळं आपल्या नागपुरात आहेत. २०१३ च्या जानेवारीत मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत एक पत्नी सासर सोडून गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने स्वतःसाठी आणि बाळासाठी अंतरिम पोटगी मागितली. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला महिना १५,००० रुपये दिले. मुलाला आधी ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरवले. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याकडे सध्या काम नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला आणि खालच्या कोर्टाने ठरवलेली रक्कम कायम केली. अंतरिम पोटगी म्हणजे मूळ प्रकरण चालू असताना घर चालावं म्हणून द्यायची तात्पुरती रक्कम. ती पक्की व्हायला सात वर्षं गेली होती. मूल तोवर शाळेत जाऊ लागलं होतं.

‘रजनीश विरुद्ध नेहा’ या नावाने हा निकाल आज देशभरच्या कोर्टांत रोज सांगितला जातो. न्यायालय त्या एका जोडप्यापाशी थांबलं नाही. पोटगीच्या अर्जात बायको नवऱ्याची कमाई वाढवून सांगते, नवरा ती लपवतो आणि न्यायाधीशाला दोघांच्या मधला कुठलातरी आकडा अंदाजाने उचलावा लागतो. ही अडचण जुनीच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर उपाय म्हणून आधीपासूनच उत्पन्नाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र मागायला सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मग सगळ्या देशासाठी नमुने ठरवून निकालाला जोडले. एक नमुना सर्वसाधारण पक्षकारांचा, दुसरा शेतीवर जगणाऱ्यांचा, तिसरा मेघालयासाठी. बायको अर्ज करते तेव्हा अर्जासोबत तिचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोटीस मिळाल्यावर नवऱ्याने उत्तर आणि त्याचं प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. त्यासाठी कोर्टाने दोनाहून अधिक संधी द्यायच्या नाहीत. अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असो, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असो, हिंदू विवाह कायद्याखाली असो किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली, हा नियम सगळीकडे तोच. दारिद्र्यरेषेखालच्या आणि रोजंदारीवरच्या माणसांना यातून सूट आहे.

नमुना नीट पाहिला तर त्याची रचना लक्षात येते. त्यात ‘तुमचं उत्पन्न किती’ एवढाच प्रश्न नाही. आयकर विवरणपत्रं तीन वेळची मागितली आहेत: लग्नाच्या आधीच्या वर्षाचं, वेगळं राहू लागण्याच्या आधीच्या वर्षाचं आणि अर्ज केला त्या वेळचं. सगळ्या खात्यांचे तीन वर्षांचे बँक उतारे हवेत. लग्नानंतर जी मालमत्ता विकली किंवा दुसऱ्याच्या नावे केली, तिचे व्यवहार आणि त्यांची कारणंही सांगायची आहेत. शेतकऱ्याच्या नमुन्यात जमीन किती, बागायत की जिरायत, कोणती पिकं, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, गाईम्हशी किती, शेळ्या-कोंबड्या किती, इथपर्यंत प्रश्न आहेत. सातबारावर नाव नाही म्हणून उत्पन्न नाही, असं सांगून तिथे सुटता येत नाही.

तीन वेळची विवरणपत्रं का, हे नोकरी सोडणाऱ्यांच्या बाबतीत कळतं. नोटीस आली की राजीनामा द्यायचा आणि कोर्टात ‘बेरोजगार आहे’ म्हणून उभं राहायचं, ही चाल फार जुनी आहे. आता वेगळं होण्याच्या आधीच्या वर्षाचं विवरणपत्र समोर आलं की त्या माणसाची कमावण्याची ताकद कागदावर येते. धडधाकट, शिकलेला, कालपर्यंत कमावणारा माणूस आज काहीच कमावत नाही हे कोर्ट नुसतं ऐकून घेत नाही. तो जितकं कमावू शकतो ते धरून रक्कम ठरते.

पगारदारांचं काम त्यामानाने सोपं असतं, कारण मालकाचा दाखला आणि फॉर्म १६ समोर असतो. खरा पेच दुकानदार, ठेकेदार, वडिलांच्या धंद्यात बसणारा मुलगा आणि शेतकरी यांच्या बाबतीत पडतो. म्हणून आपल्या हार्डवेअरच्या दुकानात परत जाऊ.

पहिल्या तारखेला नवऱ्याने बँक उताऱ्याची तीन पानं दिली, सहा महिन्यांची, एकाच खात्याची. आम्ही हरकत घेतली. नमुन्यात तीन वर्षं आणि सगळी खाती असं म्हटलंय हे दाखवलं. कोर्टाने दुसरी आणि शेवटची संधी दिली. मग त्याच खात्याचा तीन वर्षांचा उतारा आला. तो मी अशिलासोबत ओळ न ओळ वाचला, कारण ती त्या घरात सहा वर्षं राहिली होती आणि मी एकही दिवस नाही. शेवटच्या पानापर्यंत आलो तरी आम्हाला हवी असलेली नोंद काही दिसेना. मोटारीच्या हप्त्याचा एकही रुपया त्या खात्यातून गेलेला नव्हता. विम्याचाही नव्हता. १४,५०० दर महिन्याला कुठूनतरी जात होते आणि ती जागा प्रतिज्ञापत्रात नव्हती.

उतारा वाचताना पुष्कळ जण जमेकडे बघतात. मला वाटतं जास्त सांगतं ते खर्चाच्या बाजूला जे नसतं ते. ज्या खात्यातून वीजबिल नाही, पेट्रोल नाही, मोबाइलचं रिचार्ज नाही, दिवाळीची खरेदी नाही, ते कोर्टाला दाखवायचं खातं असतं. माणूस जगतो त्याच्या दुसऱ्या खात्यावर.

ते दुसरं खातं शोधायला कायद्यात सरळ वाट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली कोर्टाच्या परवानगीने समोरच्याला लेखी प्रश्नावली देता येते आणि कागद हजर करायला लावता येतात. आमची प्रश्नावली चार प्रश्नांची होती. मोटारीचं कर्ज कोणत्या संस्थेचं? हप्ता कोणत्या खात्यातून वळता होतो? त्या कर्जासाठी अर्ज करताना उत्पन्न किती दाखवलं होतं? दुकानाच्या काउंटरवर पैसे घेण्यासाठी लावलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याला जोडलेला आहे? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्या वकिलांनी बराच वेळ हरकत घेतली. तो प्रश्न कळीचा आहे, कारण कर्ज मागताना माणूस उत्पन्न कमी दाखवत नाही. बँकेकडच्या कर्जाच्या फाइलमध्ये त्याच्या सहीचा वेगळाच आकडा पडून असतो. या माणसाने कर्ज घेताना मासिक उत्पन्न ४०,००० लिहिलं होतं.

बँक असे कागद बायकोला मागून देत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी कोर्टाकडून बँकेला समन्स काढून घ्यावं लागतं. माहितीच्या अधिकारात नवऱ्याचं आयकर विवरणपत्र मिळेल, या आशेवर काही जणी वर्षभर अर्ज-अपिलं करत बसतात. ती खासगी माहिती असल्याचं कारण देऊन नकार यायची शक्यताच अधिक. नवरा सरकारी नोकर असेल तर मात्र उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०१८ चा निकाल उपयोगी पडतो. पोटगीचा वाद चालू असताना नवऱ्याच्या पगाराचा तपशील ही त्याची एकट्याची खासगी बाब राहत नाही, असं त्यात म्हटलं आहे. बाकी कोणालाही मी एकच सांगते: नवऱ्याचा पासवर्ड माहीत आहे म्हणून त्याचं नेटबँकिंग उघडू नका. तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो आणि आपली बाजू अंगावर येते. काय शोधायचं ते आपल्याला ठाऊक असलं की कोर्टाला आणायला सांगता येतं.

कर्जाच्या उताऱ्यावरून सहकारी बँकेतलं दुसरं खातं निघालं. त्याचा बारा महिन्यांचा हिशेब असा होता. महिन्याला सरासरी १,८०,००० रुपये जमा, बहुतेक मोबाइलवरून ग्राहकांनी पाठवलेले, दोनशे, साडेचारशे, बाराशे असे. दुकान वडिलांच्या नावावर, जीएसटीची नोंदणी वडिलांच्या नावावर, पण गल्ला मुलाच्या खात्यात.

इथे अर्जदाराच्या बाजूने हमखास एक चूक होते. ‘नवऱ्याचं उत्पन्न महिना एक लाख ऐंशी हजार’ असं ठोकून दिलं जातं. जमा म्हणजे उत्पन्न नव्हे. त्याच खात्यातून पाइप, रंग आणि सिमेंटच्या व्यापाऱ्यांना महिन्याला सरासरी १,४५,००० रुपये जात होते. उरले ३५,०००. मग दुसऱ्या बाजूने ताळा घेतला. मोटारीचा हप्ता १४,५००, विमा ४,०००, क्रेडिट कार्डाचं बिल सरासरी ९,५००, म्युच्युअल फंडाची एसआयपी ५,०००. एकूण ३३,०००. दोन वेगवेगळ्या वाटांनी मोजलं तरी आकडा पस्तीस हजारांच्या आसपासच येत होता, आणि यात रोख विक्री कुठेच नव्हती. राहणं-जेवण वडिलांच्या घरी असल्यामुळे तो खर्चही यात नव्हता. कोर्टापुढे आम्ही हाच आकडा ठेवला. फुगवलेला आकडा ठेवला असता तर समोरच्या वकिलांनी व्यापाऱ्यांची बिलं दाखवून तो दहा मिनिटांत पाडला असता आणि मग खऱ्या पस्तीस हजारांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

त्या उताऱ्यात आणखी दोन गोष्टी होत्या. अर्जाच्या चार महिने आधी साडेतीन लाख रुपये धाकट्या भावाच्या खात्यात गेले होते. आणि नोटीस मिळाल्यावर पुढच्याच महिन्यात १,८०,००० ची जमा २०,००० वर आली होती. दुकान तर रोज उघडत होतं. अशिलाच्या भावाने दुकानातून खिळ्यांचं एक पाकीट आणलं आणि पैसे मोबाइलवरून दिले. पावतीवर धाकट्या दिराचं नाव आलं. क्यूआर कोड बदलला होता. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पुराव्याच्या काटेकोर नियमांत न बसणारा कागदही, वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं, तर कोर्ट विचारात घेऊ शकतं. ती पावती आम्ही दाखल केली.

वडिलांच्या पगार-दाखल्याचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण असे दाखले सर्रास दिले जातात. सासऱ्याच्या मालकीच्या दुकानावर सुनेचा पोटगीसाठी हक्क नाही आणि कोर्टाने तो दिलाही नाही. कोर्टाने पाहिलं ते एवढंच की दुकान चालवतं कोण आणि पैसा कोणाच्या हातात येतो. स्वतःच्या कमाईची बाब माणसाला स्वतःलाच ठाऊक असते, म्हणून ती सांगायची जबाबदारीही त्याचीच. पुराव्याच्या कायद्यातलं हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने या निकालात मुद्दाम सांगितलं आहे. बायकोने सगळं सिद्ध करून आणावं अशी अपेक्षा नाही. तिने सुगावा दाखवला की उलगडा करायचं काम त्याचं. तो गप्प राहिला तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

तसंच झालं. कोर्टाने लपवलेलं खातं, क्यूआरची अदलाबदल, कर्जाच्या अर्जातला आकडा आणि रोख विक्री हे सगळं धरून त्याचं उत्पन्न ४५,००० गृहीत धरलं. मोटारीचा हप्ता वजा करून द्या ही त्याची मागणी नाकारली. आयकरासारख्या सक्तीच्या कपाती वेगळ्या. हौसेने किंवा सोयीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मुलीच्या दुधाच्या आधी येत नाही. पत्नीला ९,००० आणि मुलीला ६,००० अशी पंधरा हजारांची अंतरिम पोटगी मार्च २०२४ मध्ये ठरली. २०२० च्या निकालाप्रमाणे ती अर्जाच्या तारखेपासून द्यायची होती. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ असे अठरा महिने, एकूण २,७०,०००. पहिल्याच तारखेला त्याने पस्तीस हजार सांगितले असते तर कदाचित ही रक्कम कमी ठरली असती. लपवल्यामुळे कोर्टाला अंदाज करावा लागला, आणि लपवणाऱ्याच्या बाबतीत अंदाज सहसा वरच्या बाजूने होतो.

आता दुसरी बाजू. हे प्रतिज्ञापत्र बायकोलाही तितकंच लागू आहे. माझी अशील पहिल्या दिवशी म्हणाली, “ताई, मी घरी चार मुलांच्या शिकवण्या घेते. साडेपाच हजार मिळतात. ते कशाला लिहायचे? नुसतं ‘उत्पन्न नाही’ लिहा.” अनेक घरांत हाच सल्ला मिळतो आणि क्वचित वकिलाकडूनही मिळतो. मी तिला तिचाच मोबाइल उघडायला लावला. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास पालकांचे पैसे तिच्या खात्यात येत होते, त्यापुढे ‘ट्यूशन फी’ असं लिहिलेलं. तिचाही तीन वर्षांचा उतारा द्यावा लागणार होता. आम्ही ५,५०० लिहिले.

ते लिहिल्याने तिचं फारसं काही गेलं नाही. बायको थोडंफार कमावते म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही. तिचं उत्पन्न तिला आधीच्या राहणीमानाला पुरतं का, हा प्रश्न असतो. कमावू शकते आणि प्रत्यक्ष कमावते यांतला फरकही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. पण लपवलेली नोकरी उघडी पडली तर गोष्ट वेगळी होते. खरोखर बारा-पंधरा हजारांची नोकरी करणाऱ्या बाईलाही पोटगी मिळाली असती, ती ‘मी गृहिणी आहे’ या एका खोट्या वाक्यापायी नाकारली गेल्याचं मी पाहिलं आहे. नवऱ्याच्या वकिलाने शाळेचा पगारपट मागवला आणि त्यानंतर तिच्या खऱ्या तक्रारींकडेही कोर्टाने संशयाने पाहिलं. मला त्या बाईबद्दल वाईट वाटलं. तिला खोटं लिहायची गरजच नव्हती.

अर्जदार बायका आणखी एक रकाना कोरा सोडतात: समोरच्या जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल आणि मालमत्तेबद्दल तुम्हाला असलेली माहिती. ‘माहिती नाही’ असं लिहून बहुतेक जणी पुढे जातात. खरं तर सहा वर्षांच्या संसारात बाईला पुष्कळ काही ठाऊक असतं. कोणत्या बँकेची दिनदर्शिका भिंतीवर होती, विम्याचा एजंट कोण होता, भिशी कुठे लावली होती, गाळ्याचं भाडं कोण घेऊन येतं, कोणत्या सोनाराकडे हप्ते भरले जात, मुलीच्या शाळेची फी कोणत्या खात्यातून जायची. कागद नसले तरी हे लिहावं. सहकारी बँकेचं नाव माझ्या अशिलाला आठवलं ते घरातल्या एका कापडी पिशवीवरून, सर्वसाधारण सभेत सभासदांना मिळालेली. तो सभासद होता म्हणजे खातं असणार, हा तर्क तिचा होता, माझा नव्हे.

खोट्या शपथेबद्दल तुरुंग होतो का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. कायद्यात होतो. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात देता येत नाही. ज्या कोर्टात खोटं बोललं गेलं त्याच कोर्टाकडे अर्ज करावा लागतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. खोटेपणा हेतुपुरस्सर आणि महत्त्वाच्या बाबीवर होता, आणि कारवाई करणं न्यायाच्या हिताचं आहे, असं कोर्टाला वाटलं तरच ते दंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवतं. पुष्कळदा हा अर्ज मुख्य प्रकरणाच्या निकालापर्यंत बाजूला ठेवला जातो. विसरलेलं जुनं टपाल खातं आणि लपवलेलं चालू खातं यांतला फरकही कोर्ट करतं. म्हणून पोटगी हवी असलेल्या बाईने आपली ताकद पहिल्या दिवसापासून या एका अर्जावर लावू नये, असं माझं मत आहे. खोट्याचा उपयोग आधी रक्कम ठरवण्यासाठी करावा. आमच्या प्रकरणातला तो अर्ज अजून पडून आहे.

प्रतिज्ञापत्रच दिलं नाही तर त्यालाही उपाय आहे. मुदतीत न दिल्यास कोर्ट अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावरून निर्णय देऊ शकतं. जाणूनबुजून टाळाटाळ चालली असेल तर नवऱ्याचा बचावच काढून टाकता येतो. म्हणजे प्रकरण पुढे चालतं, पण त्याचं म्हणणं विचारात घेतलं जात नाही. हे अधिकार कागदावर भक्कम आहेत, पण ते वापरायला कोर्टं कचरतात. दोन संधींच्या जागी पाच तारखा पडतात आणि दर तारखेला एसटीचं भाडं बायकोचं जातं. प्रतिज्ञापत्रांनंतर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकालात काढायचा प्रयत्न व्हावा, असं निकालात सांगितलं आहे. आमच्या अर्जाला सतरा महिने लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा सांगावं लागलं की प्रतिज्ञापत्रं न घेताच पोटगीचे आदेश होत आहेत, आणि तो निकाल सगळ्या कोर्टांना परत पाठवावा लागला. तारखेला उभं राहून ‘दोन संधी संपल्या आहेत, रोजनाम्यात नोंद घ्यावी’ एवढं वाक्य वकिलाने म्हणायला हवं. नोंद झाली की पुढची तारीख देणं कोर्टालाही जड जातं.

जिथे सगळं रोखीत चालतं तिथे मात्र हे प्रतिज्ञापत्रही तोकडं पडतं. ना क्यूआर कोड, ना कर्ज, ना विमा, भाजीबाजारातल्या दलालीसारखा धंदा, असा माणूस कागदावर खरोखर सापडत नाही. तिथे राहणीमान दाखवावं लागतं: घराचं वीजबिल, मुलाची शाळा, गाडी, भावाच्या लग्नातला खर्च. त्यावरून आलेला आकडा थोडा ढोबळच असतो, आणि कोर्टही पोटगीत काही अंश अंदाजाचा राहणारच हे धरून चालतं.

परिस्थिती बदलली तर पुरवणी प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. जून २०२४ मध्ये माझ्या अशिलाला एका खासगी शाळेत साहाय्यक शिक्षिकेची नोकरी लागली, पगार ११,०००. शिकवण्या बंद झाल्या. नियुक्तीपत्र घेऊन ती ऑफिसात आली आणि पेढे टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाली, “हे कोर्टात लिहून द्यायचं ना?” नवऱ्याकडून अर्ज यायच्या आत आम्ही दिलं. तिचे नऊ हजार सात हजारांवर आले. मुलीच्या सहा हजारांना कोर्टाने हात लावला नाही.